फुलीगोळा: मण्यांचा हिशेब

>> प्रोग्रॅम स्वतःशीच खेळतो, मग चूक नेमकी कुठल्या चालीची हे त्याला कळतं कसं?

कळत नाहीच, तो सगळ्याच चालींना दोष देतो. ब्रिटिश संशोधक डोनाल्ड मिचीने १९६१ मध्ये फुलीगोळ्यासाठी ३०४ काडेपेट्यांत हेच केलं होतं. प्रत्येक स्थितीची एक पेटी, आत रंगीत मणी, प्रत्येक चालीचा एक रंग. डोळे मिटून मणी काढायचा, त्याच्या रंगाची चाल खेळायची. पहिल्या पेटीत मध्य, कोपरा, कड यांचे चार-चार मणी. हरलात तर डावात काढलेला प्रत्येक मणी जप्त, बरोबरीला त्याच रंगाचा एक जादा, जिंकलात तर तीन.

समजा कडेपासून सुरुवात करून जिंकलात: कडेचे ७, एकूण १५. कड निवडली जाण्याची शक्यता एका डावात ३३ वरून ४७ टक्के! स्वतःशी खेळताना गोची इथेच होते. समोरचाही तितकाच अडाणी, त्याने गाढवपणा केला म्हणून आपली भिकार चालही बक्षीस खाते. तो सुधारला की हरून हरून ते मणी झडतात, पण वेळ लागतो.

फुलीगोळ्यात बरोबऱ्या वाढू लागल्या की गाडी रुळावर आली समजायचं. तरी मधूनमधून शिकत नसलेल्या, यादृच्छिक चाली खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी खेळवून बघा. दोघं एकाच वाटेवर अडकले असतील, तर अनोळखी चालीपुढे लगेच उघडे पडतात.