मदत हवी आहे : खेळण्यांच्या दुकानाचा वर्षअखेरचा सेल, पोस्ट कशा लावू?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं खेळण्यांचं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी २५ डिसेंबरला सगळ्या मालावर १० टक्के, २८ ला २० आणि ३१ ला ३० टक्के सूट ठेवली होती. २६ ला नातीसाठी भातुकली नेलेल्या एक आजी २९ ला बिल घेऊन परत आल्या. "चार दिवस थांबले असते तर बरं झालं असतं," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. शिवाय टक्के वाढणार हे कळल्यावर मधले दिवस गिऱ्हाईकच फिरकलं नाही.

यंदा सूट वाढवत न्यायची नाही, रोज वेगळा माल घ्यायचा असं ठरवलंय. २५ ला सॉफ्ट टॉईज, २६ ला पझल, २७ ला रिमोटच्या गाड्या, असं ३१ पर्यंत. एका वस्तूवर एकदाच सूट, म्हणजे आधी घेणारा फसणार नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी मात्र सेलमध्ये नाहीत, त्यात मार्जिनच कमी आहे.

अडलंय ते इथे: पूर्ण आठवड्याचं वेळापत्रक २४ लाच टाकू, की रोज संध्याकाळी फक्त उद्याची ऑफर? व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत जातं, त्यामुळे उशिरा बघणाऱ्यांची ऑफर हुकते. कुणी असं केलं असेल तर अनुभव सांगा, प्लीज.