मदत हवी आहे: ४४एडी घेतलं तर किराणा दुकानाच्या कोणत्या वह्या सोडता येतात?

वडिलांचं किराणा दुकान आहे, जीएसटी नोंदणीही आहे. २०२४-२५ ची विक्री ६२ लाख: ४० लाख यूपीआयने, २२ लाख रोख. कलम ४४एडीप्रमाणे ४० लाखांवर ६ टक्के म्हणजे २.४० लाख आणि २२ लाखांवर ८ टक्के म्हणजे १.७६ लाख, असा एकूण ४.१६ लाख नफा धरलाय.

रोजकीर्द-खतावणी लागत नाही, हे कळलं. जीएसटीसाठी खरेदी-विक्रीची बिलं जपतोच. पण आयटीआर-४ मध्ये ३१ मार्चचा शिल्लक माल, हातातली रोकड, येणी-देणी विचारतात. वह्याच नसतील तर हे आकडे आणायचे कुठून? उधारीची वही आहे, पण तिचा भरवसा वडिलांनाच! त्या दिवशी माल मोजून साधी यादी ठेवली तर पुरते का? तुम्ही काय करता?