पांढऱ्या टॉवेलच्या शिलाई लाइनला ईआरपीत कानबान लावावं का?

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी): हॉटेलचा पांढरा टॉवेल, एकच साइज, रोज १२०० नग, मागणी वर्षभर सारखी. ब्लीचिंगहून शिलाईला कापड ट्रॉलीतून येतं, एका ट्रॉलीत १५० नगांचं. दर ट्रॉलीला एक कानबान कार्ड, ट्रॉली रिकामी झाली की तेच नवी भरायचा सिग्नल देतं. अशी कार्डं किती ठेवावीत? की मागणी आणि स्टॉक पाहून माल मागवणारा रात्रीचा एमआरपी रन पुरेसा आहे?

प्लॅनिंगवाला: एमआरपीच चालू द्या. मागणी ठरलेली आहे, मग कार्डांचा व्याप कशाला?

शॉपफ्लोअर: मागणी ठरलेली असते, स्टॉक नाही. डागी कापड बाजूला पडतं, त्याची नोंद उशिरा होते, आणि रन सिस्टीममधल्या आकड्यावर विसंबतो. रिकामी ट्रॉली मात्र डोळ्यांसमोर असते.

आता हिशेब. रोज ८ ट्रॉल्या लागतात. सिग्नल दिल्यापासून भरलेली ट्रॉली यायला २ दिवस लागत असतील, तर १६ कार्डं. चौथा हिस्सा राखीव, म्हणजे ४. ब्लीचिंगचा लॉट ६०० नगांचा असेल तर पहिलं कार्ड आणखी तीन रिकामी होईपर्यंत थांबतं, त्याची ३. एकूण २३. बरेच जण ही शेवटची तीन विसरतात आणि मग शिलाई अधूनमधून का थांबते, ते कळत नाही.

शिलाईचं हे कापड ज्या स्टोरेज लोकेशनला राहतं, ते एमआरपीतून वगळा. नाहीतर कार्डही माल मागवेल आणि रनही.

हिशेबनीस: २३ गुणिले १५० म्हणजे ३४५० नगांचं कापड अडकलं. भांडवल कोण देणार?

शॉपफ्लोअर: ती कमाल मर्यादा झाली. त्यातली बरीच कार्डं कुठल्याही क्षणी रिकामी किंवा ब्लीचिंगमध्ये असतात.

खरी गोम स्कॅनिंगची आहे. सकाळी नऊला रिकामी झालेली ट्रॉली पाळी सुटताना पाचला स्कॅन केली, तर एका पाळीच्या लाइनवर सिग्नलचा अख्खा दिवस गेला. सॅपमध्ये कानबान बोर्ड, PK13N, उघडा: दिवसभर एकही नवा चौकोन लाल, म्हणजे रिकामा, झाला नाही आणि संध्याकाळी आठ एकदम झाले, तर हेच चाललंय. कार्डं वाढवून हे झाकू नका. स्कॅनर शिलाईच्या टेबलालाच लावा आणि ट्रॉली हलण्याआधी स्कॅन करून घ्या.

चादरवाले: आमच्याकडे चाळीस डिझाइनं आहेत. प्रत्येकाला २३ कार्डं?

शॉपफ्लोअर: नाही हो. हा आकडा एकाच प्रकारच्या मालाचा, तोही रोज लागणाऱ्या. जे डिझाइन महिन्यातून एकदा चालतं, त्याची ट्रॉली भरून पडून राहील. ते ऑर्डरवरच विणा.

प्लॅनिंगवाला: स्कॅनिंगचं पटलं. पण ब्लीचिंगला पाणी लागतं. टँकर चुकला की तुमचे २ दिवस ४ होतात, मग सूत्र काय कामाचं?

शॉपफ्लोअर: हा मुद्दा बरोबर आहे. चार दिवस धरून कार्डं काढली तर ४३ होतात आणि हिशेबनीस म्हणतात ते खरं ठरतं. मी २३ वरच राहीन आणि टाकीत दोन लॉटचं पाणी राखून ठेवीन.

प्लॅनिंगवाला: टाकीला जागा असेल तर. नसेल त्यांनी काय करायचं?