मदत हवी आहे: कोणत्या बातमीवर शेअरला हात लावायचा?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. पंधरा वर्षांसाठी म्हणून सात-आठ शेअर घेऊन ठेवलेत. त्यातल्या एका कंपनीला ४० कोटींची ऑर्डर मिळाली, तर आमच्या टॉवेल कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अजून घ्या, दुप्पट होणार' सुरू! बीएसईच्या साइटवर कंपनीची मूळ घोषणा वाचली. माल तीन वर्षांत द्यायचाय, म्हणजे वर्षाला साधारण १३ कोटी. कंपनीची वार्षिक विक्री ९०० कोटी. दीड टक्काही नाही. टिप देणाऱ्याला सेबी नोंदणी क्रमांक विचारला, तर गडी गप्प. घेतलं काहीच नाही.

पण खरोखर विकायला लावणारी बातमी कशी ओळखायची? प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकले किंवा ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला, एवढ्यावरच माझी नजर असते. तुम्ही आणखी काय बघता?