मदत हवी आहे: ठिबकची सबसिडी आठ महिने अडकलीय, तक्रार अर्ज कसा लिहायचा?

मिरचीचं_रान
नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, शेती बाबांच्या नावावर, मी बेळगावात नोकरीला जाऊन येऊन असतो. गेल्या डिसेंबरात सव्वा एकर मिरचीला ठिबक बसवलं. आधी अर्ज, मग मंजुरी, मग बसवणं, सगळं नियमानं केलं. बिल ६८,४०० झालं, ते पूर्ण आम्हीच भरलं, त्यातले ५०,००० सोसायटीचं कर्ज. जानेवारीत साहेब येऊन पाइपा मोजून फोटो काढून गेले, म्हणाले दोन महिन्यात खात्यावर जमा होईल. आता सप्टेंबर चाललाय, एक रुपया नाही. ऑफिसात गेलं की कधी ग्रँट नाही सांगतात, कधी वरून यायचंय, कधी बँकेत विचारा, आणि बँकवाले म्हणायलेत आमच्याकडं काहीच आलेलं नाही. बाबा सहा वेळा गेले, प्रत्येक वेळी एक दिवसाचं काम बुडतं, आणि कुणीच कागदावर काही लिहून देत नाही. म्हणून जिल्ह्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज लिहिलाय, त्यातला मुख्य भाग हा:

"मी एक गरीब शेतकरी असून कर्ज काढून ठिबक बसवले आहे. कर्जाचे व्याज वाढत आहे, मुलांचे शिक्षण आहे, अवकाळीने मिरची गेली आहे. कार्यालयात अनेकदा हेलपाटे घालूनही कोणी दाद देत नाही. तरी कृपया माझी सबसिडी लवकरात लवकर मिळवून द्यावी ही नम्र विनंती."

हे बरोबर आहे का? आणि मराठीत दिला तर घेतील का? बाबांना कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही.

हलगा_रोड
आधार लिंक नसणार भावा. बँकेत जाऊन आधारची झेरॉक्स दे, आठ दिवसात पैसे पडतील. आमच्या काकांचं तसंच झालं होतं.

मिरचीचं_रान
दादा, आधार लिंक आहे, पासबुकवर तसा शिक्का पण आहे.

जुना_कारकून
शिक्क्यावर जाऊ नका. खात्याला केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यावर यावेत म्हणून एनपीसीआयच्या यादीत आधार चढणं वेगळं. दुसऱ्यासाठी संमतीचा फॉर्म सही करून द्यावा लागतो. नंतर दुसऱ्या बँकेत खातं काढताना तिथं तसा फॉर्म दिला असेल तर पैसे त्या नव्या खात्यावर जातात आणि माणूस जुनं पासबुक भरून भरून दमतो. पण तुमचं तेच झालंय असं मी म्हणत नाही, आधी बघा. बाबांच्या मोबाइलवर `DBT Karnataka` अॅप घाला, आधारचा ओटीपी त्यांच्याच नंबरवर येईल. त्यात दोन गोष्टी बघा, आधार कुठल्या बँकेला जोडलंय, आणि पेमेंटच्या यादीत ठिबकची ओळ आहे की नाही. ओळ असून फेल दाखवत असेल तर भानगड बँकेकडची. ओळच नसेल तर बहुतेक बिल ऑफिसातून ट्रेझरीकडं गेलेलंच नाही, मग बँकेत चकरा मारून काय उपयोग. अर्ज कुणाच्या विरुद्ध काय म्हणून लिहायचा ते यावर ठरतं, म्हणून अर्ज दोन दिवस थांबवा.

गोठा_निपाणी
आमचं दुधाचं लिटरला ५ रुपये अनुदान पण असंच राहतं महिनोनमहिने. त्याला पण हाच अर्ज चालेल का? संघात विचारलं तर सरकारकडं बोट दाखवतात.

हलगा_रोड
मराठीत अर्ज दिला तर टेबलावरूनच परत देतील, कन्नडमध्येच द्या. आणि सकाल कायद्याखाली घाला, मुदतीत काम करावंच लागतं त्यांना.

जुना_कारकून
सकाल कायदा यादीतल्या सेवांनाच लागतो. अर्ज दिला तेव्हा पावतीवर जीएससी नंबर मिळाला असेल तर सकालचा मार्ग आहे, नसेल तर तो नाद सोडा.

मराठीचं म्हणाल तर घटनेचं कलम ३५० बघा. गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतो. नुसत्या भाषेवरून परत करत असतील तर "परत केला" एवढं लिहून सही मागा. पण उत्तर मराठीतच द्या असं त्या कलमात नाही, आणि ज्या टेबलावर तो वाचला जाणार तिथल्या माणसाला मराठी येत नसेल तर अर्ज तसाच पडून राहतो. मी नोकरीत असताना असे पडलेले अर्ज बघितलेत, वाईट वाटायचं. म्हणून बाबांच्या सहीचा मराठी अर्ज वर आणि कन्नड प्रत खाली टाचून द्या. दोन्हीत नंबर आणि तारखा अगदी सारख्या पाहिजेत.

आता मजकूर. तुमचं दुःख खरं आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून फाइल सापडत नाही. शेतकरी नोंदणीचा एफआयडी नंबर, अर्जाचा नंबर, सर्व्हे नंबर, मंजुरीची तारीख, बिलाची तारीख, तपासणीची तारीख, हे पहिल्या चार ओळीत यायला हवं. आणि "लवकर द्या" म्हणू नका, त्याला "कार्यवाही चालू आहे" एवढं उत्तर पुरतं. ज्याला तारीखच द्यावी लागेल असं विचारा.

खानापूरची_सून
नाव पण बघा हो. आमच्या सासऱ्यांचं आरटीसी उताऱ्यावर कन्नडमध्ये आडनाव आधी आणि आधारवर आडनाव शेवटी, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, आणि दुकानदारानं बिलावर तिसरंच लिहिलेलं. आठ महिने कुणी सांगितलंच नाही की त्यामुळं फाइल बाजूला ठेवलीय. शेवटी माहिती अधिकारात कळलं. १० रुपयाची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसात उत्तर. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, ते सांभाळा. आणि "का दिली नाही" असं विचारू नका, तपासणी अहवालाची आणि फाइलवरच्या शेऱ्यांची प्रत मागा, कारण आपोआप दिसतं.

मिरचीचं_रान
ताई, काका, खूप आभार. काल रात्री अॅप बघितलं. आधार बरोबर त्याच बँकेला जोडलेलं आहे, पीएम किसानचे पैसे पडलेले दिसतात, ठिबकची ओळच नाही. नावं तपासली, बिलावर बाबांच्या नावात एक अक्षर जास्त आहे, तेच कारण असेल का माहीत नाही. अर्ज असा बदललाय, वर सगळे नंबर घातलेत:

"तपासणी १८ जानेवारी रोजी झाली. डीबीटीच्या नोंदीत या योजनेचे कोणतेही पेमेंट दिसत नाही. तरी १) फाइल आज कोणाकडे व कोणत्या टप्प्यावर आहे, २) बिल ट्रेझरीकडे पाठवले असल्यास कोणत्या तारखेला, ३) पाठवले नसल्यास कोणती त्रुटी आहे व ती मला लेखी का कळवली नाही, याचे लेखी उत्तर मिळावे. नावातील फरकासाठी प्रतिज्ञापत्र लागत असल्यास मी देण्यास तयार आहे."

जुना_कारकून
आता झालं बरोबर. सोबत बिल, मंजुरीपत्र, आरटीसी, पासबुकचं पहिलं पान आणि अॅपचा स्क्रीनशॉट जोडा, सगळ्या झेरॉक्स, ओरिजिनल कुणालाही देऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोच मजकूर १९०२ वर किंवा `ipgrs.karnataka.gov.in` वर नोंदवा. तक्रार बहुधा त्याच तालुका ऑफिसकडं उत्तरासाठी येणार, पण ती वरून आलेली असते आणि नंबरावर राहते. "निकाली काढली" असा मेसेज आला आणि तीन प्रश्नांची उत्तरं नसली तर परत उघडायला लावा.

हलगा_रोड
काका, एक शंका. मार्च एंडला ग्रँट परत गेली असेल तर? मग अर्ज करून तरी काय मिळणार?

जुना_कारकून
गेली असेल तर यंदाच्या ग्रँटमध्ये बाकी म्हणून धरलंय का हा चौथा प्रश्न घाला. धरलं नसेल तर पुढं काय, ते मी इथं बसून नाही सांगू शकत, उत्तर बघूनच कळेल.

मिरचीचं_रान
चौथा प्रश्न घातला. सोमवारी रजा टाकून बाबांबरोबर मी स्वतः जातोय. कन्नड प्रत शेजारच्या मास्तरांनी लिहून दिली. आवक नंबर मिळाला की इथं लिहितो.

गोठा_निपाणी
आणि माझ्या दुधाचं कुणी सांगता काय?