मदत हवी आहे: सिद्धेश्वर तलावावरच्या आकाशात तारे

नमस्कार मंडळी. सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठून रात्री मंदिराचा फोटो काढलाय. मंदिर सुरेख आलंय, पण आकाश कोरं. फोटोशॉपमध्ये काळ्या लेयरवर `Add Noise`, थोडा ब्लर, मग `Levels` ने बारीक ठिपके गाळले आणि लेयर `Screen` वर ठेवला. तरी साबुदाणा सांडल्यासारखं दिसतंय! सगळे तारे एकाच तेजाचे, आणि क्षितिजाजवळ शहराच्या पिवळट उजेडातही तितकेच ठळक. तिथे ते विरायला हवेत. मास्कवर ग्रेडियंट किती उंचीपर्यंत ओढू? मोजकेच तारे मोठे कसे ठेवू? पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबं लांबट, थरथरती आहेत. तिथे तारे उलटे टाकून पुसट करू, की पाणी तसंच सोडू? आईला फ्रेम करून द्यायचाय, खोटा वाटायला नको.