मदत हवी आहे: फिट्सबद्दल त्याला कधी सांगू?

रानजाई: वय 29, पुणे. कॉलेजात असताना फिट्स सुरू झाल्या, निदान जेएमई, म्हणजे एपिलेप्सीचाच एक प्रकार. लेव्हेटिरासिटाम 500 सकाळ-संध्याकाळ चालू आहे, 2021 नंतर मोठी फिट आलेली नाही. गोळी बहुधा कायमची, असं डॉक्टर म्हणतात. मैत्रिणीमुळे एका मुलाशी ओळख झालीय, भेटीगाठी छान चालल्यात. पण तो रात्री दीड-दोनपर्यंत फोनवर असतो, आणि जागरण झालं की सकाळी माझ्या हातांना झटके येतात. परवा चहाचा कपच उडाला. आई म्हणते, साखरपुड्याच्या आधी सांगू, आत्ताच कशाला?

तात्या_साताराकर: ताई, जपून. फिट येत असेल तर कोर्टात लग्न रद्द होतं.

निशिगंध: तात्या, ते जुनं झालं. हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सी 1999 साली काढली. मात्र लपवून लग्न केलं तर फसवणूक म्हणून कलम 12 खाली अर्ज होऊ शकतो, कळल्यापासून वर्षाच्या आत. कोर्ट मानेलच असं नाही, पण फरफट होतेच.

रानजाई, माझ्या बहिणीला हेच आहे. पहिल्या भेटीत फाइल उघडायची गरज नव्हती, पण आता त्याच्या फोनमुळे तुझी झोप जातेय, म्हणजे वेळ आलीच. तिथूनच सुरुवात कर: "मला अकराला झोपावं लागतं, कारण..." मग फिट आली तर काय करायचं ते सांग. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर हॉस्पिटल. हे माहीत नसताना त्याने पहिली फिट बघितली तर तो घाबरेलच. आणि त्याला बरं वाटावं म्हणून गोळी बंद करू नकोस, जेएमईत फिट्स बहुतेकदा परत येतात.

मोगरा८८: मला थायरॉईड आहे, मी पहिल्याच भेटीत सांगितलं. मुलगा ठीक होता, त्याच्या आईने फोन उचलणं बंद केलं! लोकांना थायरॉईडचंही वावडं.

रानजाई: मुलांचं विचारलं तर?

निशिगंध: विचारेलच. बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. गरोदरपणात खरी भीती व्हॅल्प्रोएटची, तुझी गोळी त्यामानाने सुरक्षित धरतात. तरी दिवस राहण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टला भेटून फॉलिक अ‍ॅसिडचं ठरवायचं. पुढच्या व्हिजिटला त्यालाच सोबत ने, तुझी अर्धी उत्तरं डॉक्टर देतील.

तात्या_साताराकर: कायद्याचं कळलं. पण मुलाने घरी सांगितलं की गावभर होतं हो. आधी घरच्यांनी घरच्यांशी बोलावं.

निशिगंध: उलट, आधी त्यालाच. आजार तिचा आहे, बैठकीचा विषय नाही.

रानजाई: शनिवारी सांगते. त्याच्या आईला कोणी सांगायचं, यावर मात्र आमच्या घरी अजून जुंपलेलीच आहे. कोणाकडे मुलाने स्वतः सांगितलंय का? कसं घेतलं त्यांनी?